९२ गुणांचं मॉडेल ८४ गुणांच्या मॉडेलपेक्षा जास्त का चुकतं?

प्रश्न: ग्राहकांच्या बिलाच्या तक्रारी वाचून किती रक्कम परत द्यायची ते काढणारं काम आम्हाला भाषा-मॉडेलकडे द्यायचं आहे. दोन मॉडेल्स निवडली होती. जीएसएम-८के या गणिताच्या बेंचमार्कवर एकाला ९२ टक्के, दुसऱ्याला ८४. साहजिकच ९२ वालं घेतलं. पण ४० खऱ्या तक्रारींवर त्याची ११ उत्तरं चुकली, ८४ वाल्याची ७. प्रसिद्ध झालेले आकडे खोटे आहेत, की आम्ही चाचणी चुकीची घेतोय?

उत्तर:

मी गेली काही वर्षं हेच काम करतो: एखादं मॉडेल प्रत्यक्ष वापरात जाण्याआधी ते कुठे मोडतं हे शोधून काढणं. त्यामुळे आधी एक गोष्ट सांगतो, जी तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुमच्या ११ आणि ७ मधल्या फरकावरून अजून काहीच सिद्ध होत नाही. चाळीस तक्रारींच्या नमुन्यात चार उत्तरांचा फरक निव्वळ योगायोगाने सहज पडतो. दुसऱ्या चाळीस तक्रारी घेतल्या असत्या तर आकडे उलटही दिसले असते.

उलट ९२ आणि ८४ मधला फरक योगायोगाचा नाही. त्या चाचणीत १,३१९ प्रश्न आहेत. एवढ्या प्रश्नांवर ९० च्या आसपासच्या गुणांमध्ये नशिबाचा वाटा साधारण दीड-दोन टक्के वर किंवा खाली एवढाच असतो, आठ टक्के नाही. म्हणजे पहिलं मॉडेल दुसऱ्यापेक्षा कशात तरी नक्की सरस आहे. तुम्हाला शोधायचं आहे ते हे की नेमकं कशात, आणि ते ‘काहीतरी’ तुमच्या तक्रारींमध्ये उपयोगी पडतं का. आकडा खोटा असण्याची गरजच नाही. खरा आकडाही चुकीच्या गोष्टीबद्दल असू शकतो.

म्हणून आधी त्या चाचणीच्या पोटात काय आहे ते पाहू. जीएसएम-८के २०२१ मध्ये ओपनएआयने प्रसिद्ध केला. शाळकरी पातळीची सुमारे आठ हजार आठशे शाब्दिक गणितं माणसांकडून लिहून घेतलेली आहेत. त्यातली ७,४७३ प्रशिक्षणासाठी आणि १,३१९ चाचणीसाठी. प्रत्येक गणित दोन ते आठ पायऱ्यांत सुटतं आणि पायऱ्या म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. प्रत्येक उत्तर हा एक आकडा असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे कोणी लक्ष देत नाही: सोडवण्यासाठी लागणारी सगळी माहिती गणितातच दिलेली असते आणि उत्तर असतंच. ‘यातून उत्तर काढता येत नाही’ हे बरोबर उत्तर असेल असं गणित तिथे मुद्दाम ठेवलेलं नाही.

अशा चाचणीत ९२ टक्के तीन वाटांनी मिळू शकतात. एक, मॉडेलला खरंच पायरी-पायरीने हिशेब करता येतो. दोन, पेपर आधीच फुटलेला होता, म्हणजे चाचणीतली गणितं प्रशिक्षणाच्या मजकुरात आली होती. तीन, पेपर फुटला नाही, पण मॉडेलकडून नेमक्या याच साच्याची गणितं हजारोंनी सोडवून घेतली होती. प्रत्यक्षात बहुतेकदा तिन्हींचं मिश्रण असतं, आणि गुणपत्रिकेवर तिन्ही सारखीच दिसतात.

पेपर फुटतो म्हणजे कोणी मुद्दाम लबाडी करतं असं समजू नका. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत तसं नव्हतं. चाचणीची फाइल इंटरनेटवर खुली असते, कारण ती सगळ्यांना वापरता यावी हाच हेतू असतो. मग लोक ती आपल्या प्रोजेक्टमध्ये उतरवून ठेवतात, लेखांमध्ये उदाहरण म्हणून दोन-चार गणितं देतात, उत्तरांवर चर्चा करतात, भाषांतरं करतात. मॉडेलला शिकवायचा मजकूर याच इंटरनेटवरून टनावारी गोळा होतो. गोळा करणाऱ्याला कोणतं पान चाचणीचं आहे हे ठाऊक नसतं. त्यात आता आणखी एक आडवाट आली आहे. नव्या मॉडेलला शिकवण्यासाठी जुन्या मॉडेलकडून गणितं लिहून घेतली जातात. जुन्या मॉडेलने चाचणीतलं गणित पाहिलेलं असेल तर ते थोडं रूप बदलून नव्याच्या वहीत येतं, आणि त्याचा माग काढणं जवळपास अशक्य होतं.

मॉडेल बनवणारे यावर चाळणी लावतात, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. २०२० च्या जीपीटी-३ च्या शोधनिबंधात १३ शब्दांची सलग जुळणी शोधण्याची पद्धत वर्णन केली आहे: चाचणीतल्या मजकुराचे १३ सलग शब्द प्रशिक्षणाच्या मजकुरात सापडले तर तो भाग संशयित. त्याच निबंधात लेखकांनी हेही मोकळेपणाने लिहिलं आहे की चाळणीच्या प्रोग्राममध्ये दोष राहिला, काही जुळण्या निसटल्या, आणि खर्चामुळे मॉडेल पुन्हा शिकवणं शक्य नव्हतं. एवढ्या प्रामाणिकपणे लिहिलेलं मला नंतर फार कमी ठिकाणी वाचायला मिळालं.

पण दोष नसलेली चाळणीही एका गोष्टीपुढे हतबल असते. हे गणित मी आत्ता रचलं आहे:

> एका वाचनालयात ४८ पुस्तकं होती. सोमवारी त्यातली एक चतुर्थांश वाचक घेऊन गेले. मंगळवारी आणखी ९ गेली आणि ४ परत आली. आता वाचनालयात किती पुस्तकं आहेत?

उत्तर ३१. आता हेच असं लिहा: “मंगळवार संपला तेव्हा कपाटात किती ग्रंथ उरले ते सांगा. सुरुवात ४८ पासून झाली, पहिल्या दिवशी पाव भाग कमी झाला, दुसऱ्या दिवशी ९ बाहेर गेले नि ४ आत आले.” गणित तेच, आकडे तेच, उत्तर तेच. पण सलग १३ शब्द सोडा, चारही जुळत नाहीत. चाळणी याला नवं समजून आत सोडेल. २०२३ मध्ये काही संशोधकांनी नेमका हाच प्रयोग करून पाहिला. १३ अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे त्या काळातही मध्यमच म्हणावं असं मॉडेल त्यांनी चाचण्यांतल्या प्रश्नांची शब्दरचना बदलून तयार केलेल्या मजकुरावर शिकवलं. ते जीपीटी-४ च्या तोडीचे गुण मिळवू लागलं, आणि सलग शब्दांच्या जुळणीने त्यात काहीच वावगं सापडलं नाही. म्हणून “आम्ही दूषित मजकूर काढून टाकला आहे” असं वाक्य वाचलं की मी पहिल्यांदा विचारतो, कोणत्या पद्धतीने? उत्तर सलग शब्दांच्या जुळणीचं असेल तर त्याचा अर्थ एवढाच: शब्दशः नकला काढल्या आहेत.

तिसरी वाट, साच्याची, ही तर नियमात बसते. ती ७,४७३ गणितं प्रशिक्षणासाठीच दिली आहेत. त्यांची रूपं बदलून, उलटी मांडून, नवी उदाहरणं तयार करून मोठे संच बनवले जातात. २०२३ चा मेटामॅथचा संच असाच आहे: जीएसएम-८के आणि मॅथ या दोन बेंचमार्कच्या प्रशिक्षण-भागातून वाढवत नेलेली सुमारे ३,९५,००० उदाहरणं. यात गैर काही नाही. पण असा सराव केलेल्या मॉडेलचे गुण ‘गणित किती येतं’ यापेक्षा ‘या पद्धतीची गणितं किती सरावाची आहेत’ हे जास्त सांगतात. ८४ वाल्या मॉडेलला हा सराव कमी मिळाला असेल आणि बाकी समज बरोबरीची असेल, तर तुम्हाला दिसलं ते अगदी अपेक्षित आहे.

आता तुम्ही हे स्वतः कसं तपासायचं. मॉडेल कशावर शिकलं हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, त्यामुळे बाहेरूनच तपासावं लागतं. माझी नेहमीची पद्धत जोड्यांची आहे. चाचणीतली २०० गणितं निवडायची आणि प्रत्येकाचं एक जुळं तयार करायचं: नावं बदललेली, वस्तू बदललेल्या, आकडे बदललेले, पण पायऱ्या त्याच आणि तितक्याच. वरच्या वाचनालयाचं जुळं असं होईल: एका गोदामात ६० खोकी, पहिल्या दिवशी एक तृतीयांश गेली, दुसऱ्या दिवशी ८ गेली आणि ७ परत आली. उत्तर ३९.

हे दिसतं तितकं सोपं नाही, आणि इथेच बहुतेक जणांची चूक होते. आकडे आंधळेपणाने बदलले की गणित अवघड होऊन बसतं. ४८ चा चतुर्थांश तोंडी येतो. ५३ चा घेतला तर पुस्तकाचे तुकडे करावे लागतील. मग गुण घसरले तर ते पाठांतर उघडं पडल्यामुळे की गणित कठीण झाल्यामुळे, हे कळणार नाही. म्हणून भागाकार नि:शेष राहील, आकड्यांमधल्या अंकांची संख्या तीच राहील, आणि वजाबाकीत हातचा येत नसेल तर जुळ्यातही येणार नाही, एवढं तरी सांभाळायचं. प्रत्येक जुळं एका माणसाने सोडवून उत्तर पडताळायचं. दोनशे जोड्यांना मला दोन-तीन दिवस जातात आणि ते दिवस कधीच वाया गेलेले नाहीत.

मग दोन्ही संच मॉडेलला त्याच सूचनेने, त्याच सेटिंगवर द्यायचे आणि टक्केवारी न पाहता जोड्या पाहायच्या. हिशेब दाखवण्यासाठी आकडे धरतो. समजा १४५ जोड्यांत दोन्ही गणितं बरोबर आली आणि २२ जोड्यांत दोन्ही चुकली. या दोन गटांतून काही कळत नाही, त्यांना बाजूला ठेवा. उरल्या ३३ जोड्या. त्यातल्या २७ मध्ये मूळ गणित बरोबर आणि जुळं चूक; ६ मध्ये उलट. मॉडेलला मूळ गणिताची खास ओळख नसती तर या ३३ जोड्या दोन्हीकडे साधारण सारख्या विभागल्या गेल्या असत्या, सोळा-सतराच्या आसपास. २७ विरुद्ध ६ हा किती मोठा फरक आहे ते असं मोजतात:

```python
a, b = 27, 6
z = (a - b) / (a + b) ** 0.5
print(round(z, 2))   # 3.66
```

हा आकडा २ च्या आत असेल तर मी योगायोग म्हणून सोडून देतो. ३ च्या वर गेला की मॉडेलला मूळ संचाची सवय आहे असं धरून चालतो. आपल्या उदाहरणात मूळ संचावर २०० पैकी १७२ म्हणजे ८६ टक्के, आणि जुळ्यांवर १५१ म्हणजे साडेपंच्याहत्तर. माझ्या दृष्टीने मॉडेलची या कामातली ताकद दुसऱ्या आकड्याच्या जास्त जवळ आहे.

यावरून ‘पेपर फुटला’ असा निकाल मात्र मी देत नाही. शब्दशः पाठांतर आणि साच्याची सवय या दोन्हींतून अशीच घसरण दिसू शकते. त्यांच्यात फरक करायचा असेल तर आणखी दोन खुणा पाहतो. पहिली: चाचणीतल्या गणिताचा अर्धा भाग देऊन “पुढे लिहा” एवढंच सांगायचं. उरलेला अर्धा भाग त्याच आकड्यांसकट, त्याच वाक्यरचनेत आला, तर तो अंदाज असू शकत नाही. पहिल्यांदा हे माझ्यासमोर घडलं तेव्हा मी गणितात न दिलेला शेवटचा आकडा स्क्रीनवर उमटताना पाहिला आणि तीन आठवड्यांची तुलना बाजूला ठेवली. ही खूण एकतर्फी आहे हे मात्र लक्षात घ्या. मजकूर आला तर पेपर पाहिलेला आहे; नाही आला तर पाहिला नाही असं होत नाही.

दुसरी खूण मला अधिक बोलकी वाटते. चाचण्यांच्या उत्तरसूचीत चुका असतात, आणि त्या वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. एमएमएलयू हा ५७ विषयांचा, चार पर्यायांचा बेंचमार्क सगळीकडे उद्धृत होतो. त्यातले प्रश्न २०२४ मध्ये काही संशोधकांनी हाताने तपासले, तर विषाणुशास्त्राच्या तपासलेल्या प्रश्नांपैकी ५७ टक्के प्रश्नांत काही ना काही दोष निघाला. आता विचार करा: उत्तरसूचीत चुकीचं छापलेलं उत्तर मॉडेल हमखास देत असेल, तर ते त्याला कुठून सुचलं? विषय जाणणारा तिथे सूचीपेक्षा वेगळं उत्तर देईल आणि गुण गमावेल. म्हणून मी चुकीच्या उत्तरांचे प्रश्न वेगळे काढून ठेवतो. त्यांच्यावर ‘चांगले’ गुण मिळवणारं मॉडेल मला सगळ्यात जास्त संशयास्पद वाटतं.

आता दुसरी बाजू, कारण एवढं वाचून सगळेच आकडे फसवे असं वाटायला लागेल. २०२४ मध्ये स्केल एआयच्या संशोधकांनी जीएसएम-८के च्याच धर्तीवर, तेवढ्याच काठिण्याची हजारापेक्षा जास्त गणितं नव्याने माणसांकडून लिहून घेतली आणि ती प्रसिद्ध केली नाहीत. त्यांवर काही मॉडेल-कुटुंबांचे गुण ठळकपणे घसरले, पण त्या वेळच्या आघाडीच्या मॉडेल्समध्ये फारसा फरक पडला नाही. म्हणजे पेपर पाहिलेला असूनही मॉडेलला गणित येत असू शकतं. फुटलेल्या पेपराने गुण किती फुगतात हे मॉडेलगणिक बदलतं, आणि म्हणूनच दुसऱ्या कोणाच्या मॉडेलवरचा निष्कर्ष तुमच्या मॉडेलला लावता येत नाही. जोड्या स्वतःच तपासाव्या लागतात.

तुमच्या बाबतीत मात्र मला पेपरफुटीपेक्षा कामाच्या अरुंदपणाचा संशय जास्त आहे. समजा दोन्ही मॉडेल्स जुळ्यांवरही ९२ आणि ८४ च मिळवतात. तरी तुमच्या तक्रारींबद्दल त्यातून फार काही कळत नाही. वाचनालयाच्या गणितात एक वाक्य घाला: “परत आलेल्यांपैकी दोन पुस्तकांची पानं फाटलेली होती.” प्रश्न तोच, उत्तर ३१ च. पण साच्यावर पोसलेल्या मॉडेलला अनुभवाने ठाऊक असतं की गणितातला प्रत्येक आकडा कुठे ना कुठे वापरायचा असतो, आणि ते दोन वजा करून २९ सांगतं. २०२४ मध्ये ॲपलच्या संशोधकांनी जीएसएम-८के च्या गणितांमध्ये अशीच एकेक निरुपयोगी ओळ घालून पाहिली. काही मॉडेल्सच्या अचूकतेत ६५ टक्क्यांपर्यंत घट झाली. नवी मॉडेल्स याला कमी फसतात, पण कोणतं किती फसतं हे मूळ गुणांवरून सांगता येत नाही.

आता तक्रार कशी असते ते आठवा. ग्राहक तीन महिन्यांचा इतिहास सांगतो, त्यात पाच रकमा येतात आणि त्यातल्या दोनच कामाच्या असतात. म्हणजे निरुपयोगी आकडा हा तिथे अपवाद नाही, रोजचाच आहे.

याहून वाईट म्हणजे न दिलेली माहिती. त्या गणितातलं “४ परत आली” काढून “काही परत आली” असं लिहा. बरोबर उत्तर आहे: सांगता येत नाही. ज्या मॉडेलला हजारो गणितांवर ‘उत्तर असतंच’ असं शिकवलं गेलं ते इथे एखादा आकडा गृहीत धरून आत्मविश्वासाने उत्तर देतं. तुमच्याकडे ग्राहक बिलाची तारीखच लिहीत नाही किंवा दोन ठिकाणी दोन रकमा लिहितो, तेव्हा मॉडेलने थांबून विचारायला हवं. हे कौशल्य जीएसएम-८के मोजतच नाही, त्यामुळे तिथले ९२ याबद्दल वरही नाहीत आणि खालीही नाहीत. ते गप्प आहेत.

एक लहानसा तांत्रिक मुद्दा, कारण ८ टक्क्यांतला काही भाग यातही दडलेला असू शकतो. या बेंचमार्कच्या उत्तरसूचीत अंतिम उत्तर `####` या खुणेनंतर लिहिलेलं असतं. गुण देणारा प्रोग्राम मॉडेलच्या लांबलचक उत्तरातून आकडा कसा उचलतो यावर गुण बदलतात. `lm-evaluation-harness` या गुण मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये याच चाचणीसाठी `strict-match` आणि `flexible-extract` असे दोन मार्ग आहेत. पहिला ठरलेल्या ठिकाणचाच आकडा मानतो, दुसरा सैलपणे शेवटचा आकडा उचलतो. बरोबर हिशेब करून उत्तर वेगळ्या ढंगात लिहिणारं मॉडेल पहिल्या मार्गात नापास होतं. तुमचे ९२ आणि ८४ एकाच मार्गाने मोजलेले आहेत का ते पाहा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पत्रकांतून उचलले असतील तर ती तुलना मी धरणारच नाही.

तर तुम्ही काय करावं. त्या ४० तक्रारींपासूनच सुरुवात करा, पण आधी चुका मोजू नका, वाचा. ११ आणि ७ चुकांपुढे प्रत्येकी एक कारण लिहा: निरुपयोगी आकडा वापरला, नसलेली माहिती गृहीत धरली, नियम चुकीचा लावला, की निव्वळ बेरीज-वजाबाकी चुकली. माझा अंदाज आहे की शेवटच्या गटात फारच थोड्या पडतील. तसं झालं तर गणिताच्या बेंचमार्कवरून मॉडेल निवडण्याचं कारणच उरत नाही. अंदाज चुकला आणि हिशेबाच्याच चुका जास्त निघाल्या, तर वरची जोड्यांची तपासणी आधी करा.

मग नमुना वाढवा. किमान २०० तक्रारी घ्या, आणि त्या उचलताना नुसत्या ताज्या घेऊ नका. साध्या, जास्तीचे आकडे असलेल्या, अपुऱ्या माहितीच्या आणि परस्परविरोधी अशा प्रत्येक प्रकारच्या पुरेशा येतील हे पाहा, आणि ग्राहकांची ओळख पुसून टाका. बरोबर उत्तर दोन माणसांनी स्वतंत्रपणे काढायचं. त्यांचं जिथे जमत नाही ती तक्रार ‘माणसाकडे पाठवावी’ या उत्तराची धरा; मॉडेलकडूनही तिथे तेच अपेक्षित आहे. दोन्ही मॉडेल्सची तुलना पुन्हा जोड्यांनीच करा: ज्या तक्रारींवर एक बरोबर आणि दुसरं चूक, तेवढ्याच मोजा. तोच तीन ओळींचा हिशेब इथेही चालतो.

या २०० पैकी ६० पहिल्याच दिवशी वेगळ्या काढून कुलूपबंद ठेवा. मी हे एकदा केलं नव्हतं. एकाच संचावर सूचना लिहायची, चाचणी घ्यायची, चुका पाहून सूचना सुधारायची, पुन्हा चाचणी, असं दीड महिना चाललं. गुण सुंदर वाढत गेले. प्रत्यक्ष वापरात पहिल्याच आठवड्यात ते सुरुवातीच्या पातळीला आले. पेपर इंटरनेटवर फुटला नव्हता, माझ्याच टेबलावर फुटला होता: माझ्या सूचनेत त्या संचातल्या एकेका तक्रारीसाठी एकेक अट शिरली होती. तेव्हापासून राखीव ६० वर मी शेवटी एकदाच चाचणी घेतो, आणि त्यावर काही सुधारणा केली तर नव्या ६० गोळा करतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूनेच ठरवावी लागेल, ती मला इथून ठरवता येणार नाही. परत द्यायची रक्कम कमी काढली तर ग्राहक पुन्हा तक्रार करेल. जास्त काढली तर पैसे गेले आणि बहुधा कोणाला कळणारही नाही. थांबायला हवं होतं तिथे मॉडेलने आकडा सांगितला तर दोन्हीपैकी काहीही होऊ शकतं. या तीन चुकांची किंमत तुमच्याकडे सारखी नाही, आणि टक्केवारीत मात्र तिन्ही एकसारख्याच मोजल्या जातात. प्रत्येक चुकीला तुम्ही किती वजन देता ते आधी कागदावर लिहा आणि मग ती २०० उत्तरं त्या वजनांनी मोजा. ८४ वालं मॉडेल अपुऱ्या तक्रारींवर थांबत असेल आणि ९२ वालं थांबत नसेल, तर चुकांची संख्या बरोबरीची निघाली तरी मी ८४ वालं घेईन. दोन्ही थांबत नसतील, तर तिसरं शोधायला लागेन.